चहाची फ्रँचायझी घ्यावी की स्वतःच्या नावाचं दुकान टाकावं? सही करण्याआधी कपांचा हिशोब करा

तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडसमोर गाळा मिळाला की घरात पहिला विषय निघतो तो चहाच्या फ्रँचायझीचा. बोर्ड तयार, काउंटर तयार, मसाला तयार, आपण फक्त पैसे भरायचे आणि गल्ल्यावर बसायचं. दुसरीकडे घरातलंच कोणीतरी म्हणतं, "चहाच करायचा ना, मग दुसऱ्याच्या नावाला तीन-चार लाख कशाला?" दोघांचंही म्हणणं अर्धं खरं असतं. वाद मिटत नाही, कारण दोघांनीही कागदावर हिशोब मांडलेला नसतो.

हा हिशोब फार अवघड नाही. फ्रँचायझीचं नाव लावल्यामुळे रोज किती कप जास्त विकले गेले तर ते नाव परवडेल, एवढाच प्रश्न आहे. खाली एक नमुना मांडला आहे. आकडे समजून घेण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचा दुधाचा भाव, गाळ्याचं भाडं आणि कंपनीची फी टाकून ते बदलून घ्या.

एका कपात किती उरतं

दहा रुपयांचा एक कप धरू. दूध ५६ रुपये लिटर आणि एका लिटरमध्ये पाणी घालून १६ कप होतात असं धरलं, तर कपामागे दूध साडेतीन रुपयांचं. साखर ३५ पैसे, गॅस ३५ पैसे, कागदी कप ३० पैसे. चहा पावडर, आलं आणि वेलची बाजारातून आणली तर कपाला साधारण एक रुपया. म्हणजे स्वतःच्या दुकानात एका कपाचा माल साडेपाच रुपयांचा आणि हातात उरतात साडेचार.

आता फ्रँचायझीचा कप. दूध, साखर, गॅस तेच. फरक पडतो तो पावडरीत. "आम्ही रॉयल्टी घेत नाही" असं जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण करारात एक कलम असतं की चहा-मसाल्याची पावडर कंपनीकडूनच घ्यायची. समजा किलोभर पाकिटात ३०० कप होतात आणि पाकीट ६०० रुपयांना पडतं. कपाला दोन रुपये झाले. तसाच माल तुम्ही बाजारातून ३०० रुपयांत जमवला असता. म्हणजे प्रत्येक कपामागे एक रुपया जास्त गेला, आणि दहा रुपयांच्या कपावर एक रुपया म्हणजे विक्रीच्या दहा टक्के. ही रॉयल्टीच आहे, फक्त ती पाकिटात घालून घेतली जाते. फ्रँचायझीच्या कपात त्यामुळे साडेतीन रुपये उरतात.

म्हणूनच कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न फीचा विचारू नका. किलोभर पाकिटाचा आजचा भाव काय, त्यात किती कप होतात आणि करार चालू असताना भाव वाढवायचा अधिकार कोणाला आहे, हे विचारा. फी एकदाच जाते, पाकीट मात्र रोज फुटतं.

फी दिवसावर आणून बघा

समजा फी तीन लाख आहे आणि करार पाच वर्षांचा. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे चेक ३ लाख ५४ हजारांचा फाडावा लागतो. काउंटर, बोर्ड, लाइट कंपनीच्याच ठेकेदाराकडून करून घ्यावे लागतात. गावातल्या सुताराकडून आणि पेंटरकडून करून घेण्यापेक्षा त्याला दोन लाख जास्त गेले असं धरू. एकूण जास्तीचा खर्च ५ लाख ५४ हजार. पाच वर्षांत वाटला तर दिवसाला ३०० रुपयांच्या थोडं वर. हे पैसे कर्जाने उचलले असतील तर व्याजाचे ९० रुपये अजून धरा. सोयीसाठी दिवसाला ४०० रुपये म्हणू.

या १८ टक्क्यांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. किराणा किंवा हार्डवेअरचा व्यापारी भरलेल्या जीएसटीची वजावट घेतो. चहा-नाश्त्याच्या दुकानाला ५ टक्के दर लागतो, पण त्या दरात वजावट मिळत नाही. त्यामुळे फीवर भरलेले ५४ हजार परत येणारे नाहीत, ते खर्चातच धरायचे. "जीएसटी काय, सेट-ऑफ होतो" असं कोणी म्हणालं तर आपल्या सीएला विचारून घ्या.

आता दोन्ही दुकानं शेजारी ठेवू. मालक स्वतः शेगडीवर उभा राहतो, हाताखाली एक पोरगा ९ हजारांवर, गाळ्याचं भाडं ९ हजार, लाइट-पाणी ३ हजार. महिन्याचे २१ हजार, दिवसाचे ७००. स्वतःच्या नावाच्या दुकानात रोज ३०० कप गेले तर १,३५० रुपये सुटतात, खर्च जाऊन ६५० रुपये राहतात. महिन्याला साडेएकोणीस हजार.

फ्रँचायझीत तेवढेच ६५० रुपये घरी न्यायचे असतील तर किती कप? कपाला साडेतीनप्रमाणे ५०० कप विकले तर १,७५० सुटतात. त्यातून नावाचे ४०० आणि दुकानाचे ७०० गेले की तेच ६५०. म्हणजे स्वतःच्या दुकानातले ३०० कप आणि फ्रँचायझीतले ५०० कप बरोबरीचे. बोर्डावरच्या नावाने रोज २०० जास्तीचे कप खेचून आणायला हवेत, तेव्हा कुठे ते फुकट पडलं असं म्हणता येईल. खरा फायदा त्याच्या पुढच्या कपापासून.

पण ५०० कप एका पोराच्या भरवशावर निघत नाहीत. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा गर्दी एकदम होते. दुसरा माणूस ठेवला की दिवसाला ३०० रुपये वाढले, आणि बरोबरी ५८६ कपांवर गेली. आता गंमत बघा. रोज ५८६ कप म्हणजे वर्षाची विक्री २१ लाखांच्या पुढे, आणि सेवा देणाऱ्या धंद्याला २० लाखांच्या वर जीएसटी नोंदणी करावी लागते. दहाचा कप साडेदहाला विकता येत नाही. सुट्टे कोण देणार? मग ते ५ टक्के, म्हणजे सुमारे ४८ पैसे, तुमच्याच साडेतीन रुपयांतून जातात. कंपोझिशन योजनेतही अशा दुकानाला दर पाचच टक्के आहे. पुन्हा गणित केलं तर बरोबरी ६८० कपांच्या आसपास येते. वीस लाखांत बिस्किट, खारी, क्रीमरोल सगळी विक्री धरली जाते, त्यामुळे ही मर्यादा वाटते त्याहून लवकर येते.

३०० कपांचं दुकान या भानगडीत येत नाही, कारण त्याची विक्री अकरा लाखांच्या आतच राहते. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना मात्र दोघांनाही लागतो.

६८० कप तुमच्या गावात जातात का?

हे कंपनी सांगणार नाही. सांगितलं तरी ते पुण्यातल्या एखाद्या चौकातल्या दुकानाचं असतं. आपल्या शेजारच्या तालुक्यात त्याच नावाचं दुकान असेल तर तिथे दोन वेळा जा, एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एकदा साध्या मंगळवारी-बुधवारी. मालक खरा आकडा सांगेलच असं नाही, आणि त्याचा दोषही नाही. पण त्याला दूध घालणारा माणूस सांगतो. रोज किती लिटर जातं ते विचारा आणि सोळाने गुणा. ३० लिटर जात असेल तर ४८० कपांच्या वर विक्री नाही, मालक काहीही म्हणो. दूध फाटतं, उरलेला चहा ओतून द्यावा लागतो, म्हणून खरा आकडा त्याहून थोडा कमीच धरा.

बाजाराच्या दिवसाच्या गर्दीवर जाऊ नका. ती आठवड्यातून एकदाच असते, भाडं सातही दिवसांचं असतं. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या आणि पेरणीचे दिवस यांतही चहा कमी जातो. उन्हाळ्यात दुपारचे कप जवळजवळ थांबतात.

नावाचा उपयोग कुठे होतो, हेही यातूनच कळतं. हायवेवर थांबणारा गाडीवाला तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या चहाची चव त्याला माहीत नाही आणि तो परत येईलच असंही नाही. ओळखीचा बोर्ड बघूनच तो ब्रेक मारतो. एमआयडीसीच्या फाट्यावर, मोठ्या दवाखान्यांच्या रस्त्यावर, देवस्थानाच्या वाटेवर असंच. अशा जागी २०० काय, त्याहून जास्त कप नाव आणून देऊ शकतं. तहसील कचेरीसमोर मात्र तीच दीडशे-दोनशे माणसं रोज येतात. त्यांना महिनाभरात चव कळते आणि त्यानंतर बोर्डाकडे कोणी मान वर करून बघत नाही. तिथे पाच वर्षं पाकिटाचा रुपया भरत राहण्यात अर्थ उरत नाही.

ज्याने आयुष्यात कधी वीस कप एकदम उकळले नाहीत, त्याला फ्रँचायझीतून ठरलेली कृती आणि थोडं प्रशिक्षण मिळतं, हे खरं आहे. पण तेवढ्यासाठीच फी भरत असाल तर आधी एखाद्या चालत्या दुकानात दोन महिने राबून बघा.

सगळ्या फ्रँचायझी एकाच साच्यातल्या नसतात हेही लक्षात ठेवा. अमूलच्या दुकानासारख्या प्रकारात कंपनी रॉयल्टी घेत नाही. तयार माल छापील किमतीवर ठरलेल्या कमिशनने विकायचा असतो. पिशवीतल्या दुधावर कमिशन अगदी थोडं, पदार्थांवर जास्त, आइस्क्रीमवर त्याहून जास्त. तिथे हिशोब फ्रीजच्या लाइट बिलाचा आणि कोणता माल किती खपतो याचा करावा लागतो. वरचं कपांचं गणित तिथे लागू नाही.

करारात काय वाचायचं

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. कागदावर जे लिहिलं तेच, आणि त्याला १८७२ चा करार कायदा लागू. म्हणून विक्री प्रतिनिधी तोंडी जे बोलतो त्याला किंमत नाही. "दोन किलोमीटरमध्ये दुसरं दुकान देणार नाही" असं तो म्हणाला असेल तर ते अंतर कुठून कुठे, रस्त्याने की सरळ रेषेत, हे लिहून घ्या. तालुक्याचं गाव मुळात दोन-तीन किलोमीटरचं. स्टँडवर तुम्ही आणि बायपासवर दुसरा, एवढं अंतर पाळूनही गिऱ्हाईक निम्मं होऊ शकतं. पूर्ण गाव किंवा नगरपंचायतीची हद्द लिहून मिळते का ते बघा.

दुसरी गोष्ट मुदतीची. फ्रँचायझीचा करार पाच वर्षांचा आणि गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा, असं सर्रास दिसतं. दुकान चालायला लागलं की गाळामालक भाडं वाढवतो किंवा स्वतःच्या पुतण्याला गाळा हवा होतो. जागा गेली की फी गेली, कारण बहुतेक करारांत जागा बदलायला पुन्हा पैसे लागतात. आधी गाळ्याचा करार पाच वर्षांचा, नोंदणी केलेला, भाडेवाढ ठरवून घ्या, मगच फ्रँचायझीचा कागद हातात धरा.

तिसरी गोष्ट बाहेर पडण्याची. करार चालू असताना त्याच गाळ्यात दुसऱ्या नावाने किंवा बाहेरची पावडर वापरून धंदा केला तर कंपनी कोर्टात जाऊ शकते. करार चालू असतानाची अशी बंदी चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या प्रकरणात १९९५ मध्ये दिला आहे. करार संपल्यावर मात्र "पुढची तीन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही" असं कलम करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. तरी त्यांचं नाव, बोर्ड, रंगसंगती आणि छापील कप तुम्हाला काढावेच लागतात. त्यामुळे पाच वर्षं तुम्ही जमवलेलं गिऱ्हाईक कोणाचं, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहतो. आणि भांडण झालं तर खटला किंवा लवाद कुठल्या शहरात, हे शेवटच्या पानावर असतं. कंपनीचं कार्यालय ज्या शहरात, बहुतेक वेळा तिथेच. तारखेला जाण्याचा खर्चही धरून ठेवा.

सहीआधी एक तपासणी फुकट होते. ipindia.gov.in वर ट्रेडमार्क शोधता येतो. ज्या नावाची फ्रँचायझी घेताय ते नाव त्याच कंपनीच्या किंवा मालकाच्या नावावर आहे का आणि पुढे Registered लिहिलंय का, ते बघा. Objected किंवा Opposed दिसलं तर नावाचा वाद अजून मिटलेला नाही. ज्याच्या नावाचाच ठिकाणा नाही, त्याला नावाची फी कशाची? पैसे भरताना खातं कंपनीच्या नावाचं आहे का तेही बघा. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून अनामत उकळण्याचे प्रकार होतात, आणि पैसे एखाद्या खासगी व्यक्तीच्या खात्यात मागितले जातात.

स्वतःचं नाव काढायचं असेल तर

पहिली चूक नावातच होते. "अमृततुल्य" हा शब्द कोणा एकाचा नाही. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी जी चहाची दुकानं काढली, त्यांनी हा शब्द रुजवला आणि आज तो कोणीही लावतो. नुसता तो शब्द, नुसतं गावाचं नाव किंवा "स्पेशल चहा" यांवर ट्रेडमार्क मिळणं कठीण, कारण मालाचं वर्णन करणारे आणि ठिकाण सांगणारे शब्द कायदा कोणा एकाला देत नाही. गाजलेल्या ब्रँडचं एक अक्षर बदलून तसाच रंग मारणं तर त्याहून वाईट. नोटीस आली की बोर्ड, कप, गणवेश सगळं एका दिवसात उतरवावं लागतं. वेगळा, लक्षात राहणारा, कोणी न घेतलेला शब्द शोधा आणि आधी त्याच संकेतस्थळावर तपासा.

वैयक्तिक नावाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. चहाच्या दुकानासाठी वर्ग ४३ आणि पुढे स्वतःची पावडर पाकिटात घालून विकायची असेल तर वर्ग ३०. अर्ज केल्याबरोबर नावापुढे ™ लावता येतं. ® मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावलं तर तो गुन्हा आहे. नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण करता येतं. दोन्ही वर्गांचे मिळून ९ हजार, म्हणजे वर मांडलेल्या फीवरच्या जीएसटीच्या सहाव्या हिश्श्याएवढे.

दुसरी चूक चवीत होते, आणि स्वतःचे ब्रँड बहुतेक इथेच मोडतात. सकाळी मालक असताना चहा एक, दुपारी पोरगा करतो तो दुसराच. फ्रँचायझीचं पाकीट जे काम करतं ते तुम्हाला काट्याने करावं लागेल. एका पातेल्याला किती लिटर दूध, किती पाणी, किती ग्रॅम पावडर, किती साखर, उकळी आल्यावर किती मिनिटं, हे भिंतीवर लिहून लावा आणि पावडर चमच्याने नको, छोट्या वजनकाट्यावर मोजा. दूध एकाच गोठ्याचं किंवा एकाच डेअरीचं घ्या, कारण फॅट बदललं की तेच माप वेगळा चहा देतं. मग एक आठवडा दुकान पोरावर सोडा आणि रोजच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी "आज चहा वेगळा लागला" म्हणतं का ते ऐका. कोणी म्हणालं नाही तर दुसऱ्या दुकानाचा विचार करायला हरकत नाही.

आणि पैसे. स्वतःच्या नावाला पहिले काही महिने ३०० कप जात नाहीत. वरच्या हिशोबात दुकानाचा रोजचा ७०० रुपये खर्च १५६ कपांवर निघतो, त्याखाली प्रत्येक दिवस खिशातून जातो. शंभर कपांवर अडकलात तर रोज २५० रुपये तोटा, महिन्याला साडेसात हजार, शिवाय घरखर्च वेगळा. फ्रँचायझीची फी वाचली म्हणून ते पाच लाख सगळे फर्निचरमध्ये घालू नका. सहा महिन्यांचं भाडं, पोराचा पगार आणि घरखर्च बाजूला काढून बँकेत ठेवा आणि छापील कप सुरुवातीला कमीत कमी मागवा, कारण बोर्डावरचा फोन नंबर किंवा नावाची मांडणी पहिल्या वर्षात हमखास बदलते.